दोन व्याजतारखांच्या मध्ये घेतलेला सरकारी रोखा: पहिलं व्याज वहीत कसं लिहायचं?

ओटी_पडवी (गुहागर)

नमस्कार मंडळी. घरचे हिशेब मी बघते. सासरे बहात्तरचे आहेत. अजून रोजमेळ स्वतःच्या हाताने लाल वहीत लिहितात, मी तो नंतर संगणकावर चढवते. दोघांचा मेळ बसला नाही की त्यांना झोप लागत नाही.

सप्टेंबरमध्ये पोस्टातली एक ठेव पिकली. ते पैसे आम्ही सासऱ्यांच्या नावच्या, रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सरकारी रोख्यात घातले. रोखा 7.10% GS 2034, दर्शनी दोन लाखांचा. व्याज दरवर्षी ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबरला. सोमवारी २२ सप्टेंबर २०२५ ला सौदा झाला आणि मंगळवारी २३ ला पैसे वळते झाले. भाव १०३.४० होता, म्हणजे २,०६,८०० रुपये. खात्यातून मात्र २,१३,३०८.३३ गेले. सौद्याच्या तपशिलात ६,५०८.३३ ही वेगळी ओळ होती, 'अ‍ॅक्रूड इंटरेस्ट' म्हणून.

मग ८ ऑक्टोबरला ७,१०० रुपये व्याज जमा झालं. पंधरा दिवसांत सात हजार! मी सरळ २,१३,३०८.३३ गुंतवणूक खात्यात घातले आणि ७,१०० व्याज उत्पन्नात. सासऱ्यांनी वहीत ७,१०० लिहिलं, आणि शेजारी पेन्सिलीने छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. त्यांचं म्हणणं असं की १०० चा रोखा १०३.४० ला घेतला, तेव्हा वरचे ६,८०० म्हणजे व्याजच दिलं. मग हे आणखी ६,५०८ कसले? व्याज दोनदा घेतलं का आपल्याकडून?

माझी नोंद चुकली आहे असं मलाही वाटतंय, पण नेमकी कुठे ते कळत नाही.

काजूबोंड (वेंगुर्ला)

वहिनी, ठेव मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते, त्यातला हा प्रकार आहे. आमच्या आईची ठेव मोडली तेव्हा असंच झालं होतं. शाखेत अर्ज द्या, कधीकधी परत देतात.

ओटी_पडवी

नाही हो दादा, ठेव मुदत पूर्ण होऊनच काढली. प्रश्न नवीन घेतलेल्या रोख्याचा आहे.

दर्यावर्दी (हर्णै)

वहिनी, नोंद बरोबर आहे तुमची. बँकेत आलं ते उत्पन्न. व्याजाच्या तारखेआधी पंधरा दिवस रोखा घ्यायचा आणि पूर्ण सहामाहीचं व्याज उचलायचं, हे जाणकार करतातच.

मला खटकली ती आकारणी. ८ एप्रिल ते २३ सप्टेंबर मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, १६८ दिवस होतात. दोन लाखांवर ७.१० टक्क्यांनी, भागिले ३६५, म्हणजे ६,५३५.८९. तुमच्याकडून घेतले ६,५०८.३३. २७ रुपये ५६ पैसे कमी घेतलेत. उद्या वसूल करतील, जपून राहा.

खतावणी (चिपळूण)

सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. हा प्रश्न दर सहामाहीला नवा कारकून विचारायचा. सावकाश सांगतो, कारण तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

पहिली, ६,५०८.३३ कसले. रिझर्व्ह बँक ८ ऑक्टोबरला सहा महिन्यांचं पूर्ण व्याज त्या दिवशी ज्याच्या नावावर रोखा आहे त्याला देते. मध्ये तो कितीदा विकला गेला याच्याशी तिला देणंघेणं नाही, ती वाटणी करत बसत नाही. पण ज्याने तो ८ एप्रिलपासून २३ सप्टेंबरपर्यंत सांभाळला, त्याने त्या दिवसांचं व्याज का सोडावं? म्हणून तो ते तुमच्याकडून विक्रीच्या दिवशीच घेतो, आणि तुम्ही ते ८ ऑक्टोबरला सरकारकडून वसूल करता. आम्ही बँकेत याला तुटक मुदतीचं व्याज म्हणायचो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर नारळ पाडायला पंधरा दिवस असताना तुम्ही माडाची वाडी घेतली. झाडावरच्या तयार नारळांचे पैसे विकणारा वेगळे घेणारच. पंधरा दिवसांनी पाडेली चढला आणि ढीग अंगणात पडला, म्हणून तो सगळा तुमच्या वाडीचा नफा झाला का? बहुतेक नारळ तुम्ही विकत घेतलेले आहेत. तुमचे फक्त त्या पंधरा दिवसांत भरले तेवढेच.

तेव्हा ७,१०० पैकी तुमची कमाई ५९१.६७. बाकीचे ६,५०८.३३ ही तुम्ही आगाऊ दिलेल्या पैशांची परतफेड आहे.

दर्यावर्दी, पंधरा दिवस आधी घेऊन पूर्ण व्याज उचलायचं यात काही पदरात पडत नाही ते यामुळेच. जेवढं जास्त मिळणार तेवढं आधीच मोजून द्यावं लागतं.

दर्यावर्दी

हे पटलं. मी फक्त आत आलेले पैसे बघत होतो, बाहेर गेलेले सोडून. पण मग दिवसांचं काय? १६८ च आहेत, पुन्हा मोजले.

खतावणी

दुसरी गोष्ट तीच. कॅलेंडरवर १६८ च आहेत, तुमचं बोट चुकलं नाही. पण केंद्र सरकारच्या मुदती रोख्यांचं व्याज मोजताना महिना तीसचा आणि वर्ष तीनशेसाठचं धरतात. ८ एप्रिल ते ८ सप्टेंबर पाच महिने, म्हणजे १५० दिवस. ८ ते २३ सप्टेंबर १५. एकूण १६५. मे, जुलै आणि ऑगस्टच्या एकतीस तारखा या मोजणीत नाहीतच, तुमचे तीन दिवस तिथे जास्त झाले.

दोन लाख गुणिले ७.१० टक्के, गुणिले १६५, भागिले ३६० म्हणजे ६,५०८.३३. पैशापर्यंत बरोबर. कोणी काही वसूल करणार नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. दिवस मोजायचे ते पैसे वळते झाल्याच्या तारखेपर्यंत, सौदा केल्याच्या नव्हे. वहिनींनी सोमवारी २२ ला बटण दाबलं, पण रोखा २३ ला नावावर आला. २२ पर्यंत मोजलं तर १६४ येतात आणि ३९ रुपये ४४ पैशांचा फरक पडतो. आमच्याकडे शुक्रवारच्या सौद्यात हमखास ही चूक व्हायची, कारण पैसे सोमवारी वळते होतात आणि फरक तीन दिवसांचा पडतो.

पडताळा अगदी सोपा आहे. विकणाऱ्याचे दिवस आणि तुमचे दिवस मिळून १८० झाले पाहिजेत. इथे १६५ आणि १५. दोन्ही रकमा मिळून सहामाहीचं पूर्ण व्याज झालं पाहिजे. ६,५०८.३३ अधिक ५९१.६७ बरोबर ७,१००. पैशाचा जरी फरक आला तरी दिवस मोजण्यात घोळ आहे असं समजा.

ओटी_पडवी

काका, किती बरं वाटलं वाचून! सासऱ्यांना नारळाचं उदाहरण वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे ठीक. पण मग ते ६,८०० कुठल्या झाडाचे?"

खतावणी

त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि ही तिसरी गोष्ट. दोन रकमा इतक्या जवळ आल्या की कोणालाही एकाच वस्तूचे दोनदा पैसे दिले असं वाटेल. केवळ योगायोग आहे तो. व्याजतारखेच्या दुसऱ्या दिवशी घेतला असता तर तुटक व्याज ३९ रुपये पडलं असतं आणि ही शंका आलीच नसती.

६,८०० हा अधिमूल्याचा भाग, वाडीचीच किंमत. हा रोखा २०२४ मध्ये ७.१० टक्क्यांवर निघाला. २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रिझर्व्ह बँकेने रेपो दर एक टक्क्याने उतरवला. बाजारात नवे रोखे ७.१० पेक्षा कमी व्याजाचे निघू लागले, म्हणून जुन्या ७.१० वाल्याला लोक शंभराच्या वर भाव देतात. हे पैसे ८ ऑक्टोबरला परत येत नाहीत. २०३४ ला हातात दोन लाखच येतील. तोवर दर सहामाहीला बाजारापेक्षा थोडं जास्त व्याज मिळत राहील, त्याचीच ही किंमत.

भाव तुमच्या पडद्यावर व्याज सोडून दाखवतात, म्हणूनच ६,५०८.३३ वेगळ्या ओळीत आले. दोन्ही रकमा एकाच खात्यात टाकल्या की पुढे काय कशाचं ते कोणालाच सांगता येत नाही.

आता तुमची नोंद. २३ सप्टेंबरला अशी हवी होती:

गुंतवणूक खाते नावे २,०६,८००
खरेदीवेळचे येणे व्याज खाते नावे ६,५०८.३३
बँक खाते जमा २,१३,३०८.३३

आणि ८ ऑक्टोबरला:

बँक खाते नावे ७,१००
खरेदीवेळचे येणे व्याज खाते जमा ६,५०८.३३
व्याज उत्पन्न खाते जमा ५९१.६७

त्या दिवशी मधलं खातं शून्यावर आलं पाहिजे. आलं नाही तर तिथेच थांबून शोधा, पुढची पानं लिहू नका.

उंबरठा (रत्नागिरी)

मी इथे एका सीएंच्या कार्यालयात काम करते. नोंद योग्यच आहे. लेखामानक १३ मध्येही हेच आहे की खरेदीआधीच्या काळाचं व्याज नंतर हाती आलं, तर तेवढा भाग उत्पन्नात न धरता गुंतवणुकीच्या किमतीतून वजा करायचा. म्हणजे वहिनींनी आधी सगळे २,१३,३०८.३३ गुंतवणुकीत घातले तेही एक वेळ चाललं असतं, फक्त ८ ऑक्टोबरला त्यातून ६,५०८.३३ कमी करायला हवे होते. ते राहून गेलं.

ते तसंच राहिलं असतं तर यंदाचं उत्पन्न साडेसहा हजारांनी फुगलं असतं, आणि २०३४ मध्ये तेवढाच तोटा अचानक दिसला असता. इतक्या वर्षांनी तो कशाचा हे कोणाला आठवणार? आमच्याकडे असे हिशेब येतात, तेव्हा जुने सौद्याचे कागद शोधण्यातच दिवस जातो.

रिटर्नमध्येही ५९१.६७ च दाखवायचे.

खतावणी

ताई, वहीपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. रिटर्नचं मात्र इतक्या ठामपणे सांगू नका.

विजया बँकेच्या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की खरेदीच्या वेळी दिलेलं तुटक व्याज हा भांडवली खर्च आहे, मिळालेल्या व्याजातून तो वजा होत नाही. आमच्या बँकेत हा निकाल म्हणजे कायमची डोकेदुखी होती. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने अमेरिकन एक्सप्रेसच्या प्रकरणात वेगळं सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बँकांची वजावट मान्य केली, पण ती रोखे हा बँकेचा व्यापारी माल आहे या आधारावर. गुहागरच्या निवृत्त गृहस्थांचा रोखा हा व्यापारी माल नव्हे. मग त्यांच्यावर जुना निकाल लागू होतो की नाही?

उंबरठा

हे निकाल मी वाचले नव्हते, मान्य करते. आज आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले की साध्या गुंतवणूकदाराच्या बाबतीत दोन्ही मतांचे लोक आहेत. काही जण वास्तविक कमाई म्हणून ५९१.६७ दाखवतात आणि सौद्याचा कागद जपून ठेवतात. काही जण सावध राहून पूर्ण ७,१०० व्याज दाखवतात आणि ६,५०८.३३ रोख्याच्या खरेदी किमतीत धरतात, म्हणजे विकताना किंवा मुदत संपताना तेवढा भांडवली नफा कमी होतो. सर स्वतः दुसऱ्या बाजूचे आहेत. मला अजूनही पहिलंच न्याय्य वाटतं. जे कमावलंच नाही त्यावर आज कर का भरायचा?

खतावणी

न्याय्य मलाही तेच वाटतं. पण खातं वहिनींच्या सासऱ्यांचं आहे, नोटीस आली तर त्यांना येईल. म्हणून त्यांनी आपल्या सीएंना विचारून एक बाजू धरावी, आणि तीच दरवर्षी चालवावी. दुसरी बाजू धरली तर वही आणि रिटर्न यांत ६,५०८.३३ चा फरक राहील. तो का, हे लाल वहीत त्याच पानावर दोन ओळींत लिहून ठेवा.

देवगडचा_बागायतदार

माका ह्या आधी कोणी सांगूक नाय! माझी गोष्ट ऐका.

२०२४ च्या आंब्याच्या हंगामाचे पैसे आले, त्यातून मी एका कंपनीचे रोखे शेअर बाजाराच्या अ‍ॅपवरून घेतले. दर्शनी हजाराचे शंभर नग, व्याज नऊ टक्के, वर्षातून एकदा. भाव १,०६१. माझ्या कागदावर तर वेगळी व्याजाची ओळ कुठेच नव्हती. १,०६,१०० आणि दलाली, बस्स. पुढे व्याज लागलं ९,०००, त्यातून ९०० रुपये टीडीएस कापून ८,१०० हातात आले. पण त्याच सुमारास भाव नव्वदेक रुपयांनी खाली आला. मला वाटलं कंपनी बुडतेय, विकायला निघालो होतो. मुलाने थांबवलं म्हणून राहिले.

मी पण तुटक व्याज दिलं होतं का? का माझ्या दलालाने ओळ लपवली?

खतावणी

लपवली नाही भाऊ. शेअर बाजारात किरकोळ लोक घेतात त्या कंपनी रोख्यांचा भाव बहुधा व्याज पोटात धरूनच असतो. वहिनींच्या पडद्यावर नारळ आणि वाडी वेगळे दाखवले होते, तुम्हाला एकाच आकड्यात विकले. म्हणून व्याजाची तारीख आली की भाव तेवढ्याने उतरतो. कंपनीला त्याने काही झालेलं नसतं.

तुमचा हिशेब मागून काढता येईल. मागच्या व्याजतारखेपासून तुमच्या नावावर रोखे येईपर्यंत किती दिवस झाले होते? आणि हो, कंपनीच्या रोख्यांना तीसचा महिना चालत नाही, इथे दर्यावर्दींचं कॅलेंडरच कामाला येतं.

देवगडचा_बागायतदार

मुलाने मोजले. २४५ दिवस. उरलेले १२०.

खतावणी

मग नगाला ९० रुपये गुणिले २४५ भागिले ३६५, म्हणजे ६०.४१. शंभर नगांचे ६,०४१.१० रुपये. तुमच्या १,०६,१०० मध्ये तेवढं व्याज होतं, आणि रोख्याची खरी किंमत १,००,०५८.९०, म्हणजे जवळजवळ दर्शनी किमतीलाच घेतलेत. महाग घेतले नाहीत. तुमची कमाई १२० दिवसांची, २,९५८.९०. दोन्ही मिळून ९,००० होतात, पडताळा बसला.

देवगडचा_बागायतदार

आणि टीडीएस? माझी कमाई २,९५८ ची आणि कर कापला नऊ हजारांवर?

उंबरठा

हो, कारण कापणाऱ्या कंपनीला तुम्ही कधी घेतले हे बघायचं नसतं. व्याज ज्याच्या नावे, त्याच्याकडून पूर्ण रकमेवर दहा टक्के. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनी रोख्यांना आधी सूट होती, ती १ एप्रिल २०२३ पासून गेली. वहिनींच्या सरकारी रोख्यावर टीडीएस नाही, म्हणून त्यांना हा प्रश्न आला नाही.

वहीत तुमचं व्याज मात्र ८,१०० धरू नका. ९,००० धरा, ९०० रुपये कर येणे म्हणून वेगळे दाखवा आणि मग ९,००० ची फोड करा. बरेच जण बँकेत आलेली रक्कमच व्याज म्हणून लिहितात आणि ९०० रुपयांचा हक्क विसरतात. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात पूर्ण ९,००० दिसतील, त्यामुळे रिटर्नचा वर चाललेला वाद तुम्हालाही लागू आहे.

दर्यावर्दी

एक शंका. व्याजाच्या अगदी तोंडावर कंपनी रोखा घेतला आणि व्याज मलाच मिळालं नाही तर?

खतावणी

तसं होतं. कंपनी व्याज कोणाला द्यायचं ते आधीच्या एका ठरलेल्या तारखेची यादी बघून ठरवते, साधारण पंधरा दिवस आधीची. त्यानंतर घेतलात तर ते व्याज जुन्या मालकाला जातं. मग भाव त्या हिशेबाने उतरलेला आहे ना, एवढं बघून घ्यायचं. तो उतरलेला नसेल तर तुम्ही पाडून नेलेल्या नारळांचे पैसे देताय. सौदा करू नका.

काजूबोंड

आता कळलं, मी उगाच ठेवीचं बोललो. वहिनी, राग नसावा. माझा पण एक सरकारी रोखा आहे, नवीन निघाला तेव्हाच लिलावात घेतलेला. त्यात हे काही आलं नाही ते का?

खतावणी

नवीनच निघाला होता, तेव्हा व्याज त्याच दिवसापासून सुरू झालं. झाडावर आधीचे नारळच नव्हते. पण सरकार पुष्कळदा जुनाच रोखा पुन्हा लिलावात काढतं. तेव्हा घेतलात तर मधल्या दिवसांचं व्याज तिथेही द्यावं लागतं, सरकारला.

ओटी_पडवी

काल रात्री बसून दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या. मधलं खातं ८ ऑक्टोबरला शून्य झालं. सासऱ्यांनी लाल वहीत ७,१०० च्या खाली ६,५०८.३३ आणि ५९१.६७ अशा दोन ओळी घातल्या, बेरीज केली आणि पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं. रिटर्नचं सीएंना विचारणार आहोत. सासऱ्यांचा कल पूर्ण ७,१०० दाखवण्याकडे आहे.

त्यांचा एक नवा प्रश्न आहे. भाताचे पैसे आले की याच रोख्यात आणखी पन्नास हजार घालायचेत, बहुतेक डिसेंबरात. तेव्हाचं तुटक व्याज याच खात्यात घालायचं का? आणि पुढच्या ८ एप्रिलला अडीच लाखांचं व्याज एकत्र येईल, ते कसं फोडायचं?

खतावणी

एकाच खात्यात चालेल, पण प्रत्येक खरेदीची ओळ वेगळी ठेवा. ८ एप्रिल २०२६ ला ८,८७५ रुपये एकरकमी येतील. त्यातले ७,१०० जुन्या दोन लाखांचे, ते सगळे तुमची कमाई, कारण सहाही महिने रोखा तुमच्याकडे होता. उरलेले १,७७५ नव्या पन्नास हजारांचे. त्यातून डिसेंबरात दिलेलं तुटक व्याज वजा करायचं. आणि ३१ मार्चला ते तुटक व्याज परत आलेलं नसेल, म्हणून त्या दिवशी ते खातं शून्य दिसणार नाही. सासऱ्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा पेन्सिल काढतील.